मामूच्या हातची गाठ

शिरपुरात चांदभाई वायरमनला ओळखत नाही असं जुनं घर सापडायचं नाही. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या भिंतींतून तारा ओढल्या. बहीण विधवा झाली तेव्हा भाचा हसीब आठ वर्षांचा होता. चांदभाईने त्याला घरी आणलं, वाढवलं, पक्कड धरायला शिकवलं, आणि बाजारपेठेत दुकान टाकून दिलं. पाटीवर नाव मात्र आपलंच ठेवलं: चांद इलेक्ट्रिक. लोक त्या नावावर डोळे मिटून भरवसा ठेवत.

निवृत्त मास्तर लोटननानांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यांची मुलगी सुलक्षणा धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची, रोजची जा-ये. गाडीबरोबर आलेली चार्जिंगची केबल घरच्या जाड पिनेच्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटला लावायची होती. चांदभाईने ओसरीवर तसं सॉकेट बसवलं. बोर्डापासून वेगळी जाड वायर आणली, जादा भार आला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी लावला, अर्थिंग तपासलं.

"पण गाडी तर मागच्या शेडमध्ये उभी राहते," नाना म्हणाले.

"शेडपर्यंत जमिनीतून केबल टाकून देतो. धुळ्याहून माल यायला चार दिवस लागतील. तोवर गाडी ओसरीजवळ आणून लावा. एक्स्टेंशन लावू नका, नाना. मिक्सर दोन मिनिटं चालतो, ही गाडी सात-आठ तास सलग पंधरा अँपिअर ओढते. बारीक वायर एवढा वेळ तापत राहते, मग तिचं प्लॅस्टिक वितळतं."

"बरं, बरं. तू सांगशील तसं."

रविवारी दुपारी नानांचा फोन आला. "चांदभाई, लवकर ये. बठ्ठं जयी गयं."

सगळं जळालं नव्हतं. पण शेडच्या कोपऱ्यातल्या कापसाच्या पोत्याने पेट घेतला होता. नानांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी पोतं ओढून बाहेर फेकलं, त्यात त्यांचा तळहात भाजला. सुलक्षणाने प्रसंगावधान राखून आधी मेन स्विच बंद केला होता. गाडी वाचली होती.

चांदभाई पोचला तेव्हा हसीब आधीच तिथे उभा होता.

"मामू, तुमचं सॉकेट सैल राहिलं असेल," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "नाहीतर एमसीबी पडला नसता का?"

वीस वर्षांत पहिल्यांदा नानांनी चांदभाईकडे न बघता मान फिरवली.

त्याने ओसरीवरचं सॉकेट उघडलं. स्क्रू घट्ट होते, कुठे काळा डाग नव्हता. मग तो शेडमध्ये गेला. पोत्याच्या जागी रिळाला गुंडाळलेली एक्स्टेंशनची वायर पडली होती, वेढ्यावर वेढा चिकटून तिचा गोळा झालेला.

"हे कुठून आलं?"

"मला काय माहीत," हसीब म्हणाला. "यांनी कुठून तरी आणलं असेल."

सुलक्षणा चटकन त्याच्याकडे वळली, पण चांदभाईने हात करून तिला थांबवलं. त्याने वायर कापली. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, आत तांबं मात्र बारीक.

"नाना, बघा. एमसीबी माझ्या जाड वायरीच्या हिशोबाने लावलाय. गाडी पंधरा ओढत होती, त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही, मग तो पडेल कशाला? पण या तांब्याला तेवढं झेपत नव्हतं. त्यात वायर रिळावर गुंडाळलेली, वर पोतं. उष्णता जाणार कुठे?"

शेवटी त्याने प्लग उघडला. वायर ओढली गेली तरी जोड सुटू नये म्हणून आत एक गाठ मारलेली होती, डावीकडून फिरवून दोन पदरी. ती गाठ चांदभाईने कुणा एकालाच शिकवली होती. दहा वर्षांच्या पोराची बोटं आपल्या हातात धरून.

"हसीब, ही तूच बांधलीस ना?"

भाच्याचं तोंड उतरलं.

"दुकानातून त्यानेच पाठवलं," सुलक्षणा म्हणाली. "मी विचारलंही, तुमच्या मामांनी तर नको सांगितलंय. तर म्हणाला, मामूंनीच बनवून दिलंय, चांद इलेक्ट्रिकचं आहे."

चांदभाईने प्लग खाली ठेवला. बारीक वायर विकली, ती एकवेळ चूक म्हणता आली असती. पण त्याचं नाव सांगून विकली, आणि आग लागल्यावर त्याच नावावर ढकलली.

"मामू, एवढं होईल असं वाटलं नव्हतं..."

"तुला वायरीचं माप कळत नव्हतं, असं मला सांगू नकोस."

नाना जवळ आले. "चांदभाई, माझं चुकलं. मला तुझ्यावर..."

"बाईंना दवाखान्यात न्या आधी," चांदभाई म्हणाला.

माल आल्यावर त्याने एकट्याने चर खणून शेडपर्यंत जाड केबल टाकली. प्रमिलाबाईंनी पट्टी बांधलेल्या हाताने चहा पुढे केला, तो त्याने घेतला. नानांशी मात्र कामापुरतंच बोलला.

बहिणीने फोनवर रडून पाहिलं, हसीब दोनदा दारात येऊन गेला. चांदभाईने दार उघडलं नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर तो दुकानासमोर शिडी लावून चढला, आणि पाटी स्वतःच्या हाताने उतरवून घरी घेऊन गेला.