दोन चिठ्ठ्या

ब्रेकबाईंचं खरं नाव लायसनवर असेल तेवढंच. गाडी शिकायला येणारा प्रत्येक जण त्यांना ब्रेकबाईच म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर बाईंचा उजवा पाय इतकी वर्षं रोवलेला, की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या तरी समोर काही आलं की पाय आपोआप दाबला जायचा. झोपेतसुद्धा दाबतेस, अशी नवऱ्याची तक्रार होती. बिचारा गेला, तक्रार राहिली.

बाई तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. शिकणाऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चुका राहत. म्हणून एक होता हॉर्नकाका, एक होती क्लचताई, आणि त्या वर्षी आली ती सॉरी.

सॉरी सगळ्यांना सॉरी म्हणायची. मागच्याला, पुढच्याला, रस्ता ओलांडणाऱ्या कुत्र्याला. एकदा तर विजेच्या खांबाला म्हणाली. बाई ओरडल्या, "अगं, तो काय उत्तर देणार आहे? गिअर टाक!" गिअर टाकताना तिची करंगळी वाकत नसे. दारात सापडली, असं तिने सांगितलं होतं. पुढे एकदा गाडी बंद करून बसल्या असताना म्हणाली, "दारात सापडली नाही, बाई. दारात धरली." कुणी धरली ते सांगायची गरज पडली नाही.

त्या नवऱ्याला सोडून ती इथे आली होती. नवं सिमकार्ड, नवा नंबर. तो नंबर तिघांकडेच होता, तिच्या भावाकडे, नोकरीच्या ठिकाणी आणि बाईंकडे. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या लॅबमध्ये ती टेबलावर बसून लेबलं चिकटवायची. लायसन मिळालं की लॅबची गाडी तिच्या हातात येणार होती, पगारही वाढणार होता. नंबर जिवापाड जपायची. भाजीवाल्यालासुद्धा दिला नव्हता. "त्याला नुसता माग लागू दे," म्हणायची, "की तो उभा." बाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्यावर जरा कमी ओरडायचं ठरवलं. जमलं नाही ती गोष्ट वेगळी.

चिठ्ठीच्या बाबतीत बाईंचा नियम पक्का होता. उभ्या गाडीला आपली गाडी लागली आणि मालक जवळ नसला, तर पळून जायचं नाही, काचेवर वायपरखाली चिठ्ठी ठेवायची. त्यात काय लिहायचं, तर आपल्या गाडीचा नंबर, शाळेच्या ऑफिसचा फोन, कधी, कुठे, काय लागलं. बास. "माझीच चूक, सगळं भरून देते" असलं काही लिहायचं नाही, ते विमावाले बघतात. शिकणाऱ्याचं नाव तर मुळीच नाही. कागद घडी करून ठेवायचा, अक्षरं आतल्या बाजूला. "काचेवरची चिठ्ठी मालकासाठी असते," त्या सांगायच्या, "पण वाचतं अख्खं गाव."

हे सगळं त्या नेहमी शेजारी उभं राहून, शब्द न् शब्द सांगून लिहून घ्यायच्या. त्या दिवशी तेवढं राहिलं.

अरुंद गल्ली होती. समोरून टेम्पो आला, सॉरीने घाबरून स्टिअरिंग बाईंच्या बाजूला फिरवलं आणि खाडकन आवाज झाला. बाजूला लावलेल्या निळ्या गाडीचा आरसा मोडून लोंबायला लागला. बाईंनी ब्रेक दाबला होता, पण ब्रेकने गाडी थांबते, वळलेली चाकं सरळ होत नाहीत. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. बाईंनी तिला खाली उतरवलं, वही-पेन हातात कोंबलं आणि गाडी कोपऱ्यावर नेता नेता खिडकीतून ओरडल्या, "गाडीचा नंबर लिही, फोन लिही, काय लागलं ते लिही! मी आलेच!"

परत येऊन बघतात तो चिठ्ठी वायपरखाली लागलीही होती. बाईंनी नेहमीप्रमाणे आरशाचा आणि चिठ्ठीचा फोटो काढला. चष्मा डोक्यावरच राहिला होता. सॉरीचे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, "शाबास. चूक सगळेच करतात, चिठ्ठी सगळे ठेवत नाहीत." आणि दोघी निघून गेल्या.

दुपारी बाई जेवायला बसल्या आणि फोन वाजला. नणंदेचा निरोप. वन्सं म्हणजे चालतंबोलतं टपाल. सकाळपासून जे जे येईल ते ते पुढे पाठवायचं, हे त्यांचं व्रत. या वेळी एका गाडीच्या काचेचा फोटो होता आणि वर लिहिलं होतं, "आजच्या जगातही असा प्रामाणिकपणा! मन भरून आलं. सर्वांना पाठवा."

बाईंनी निळी गाडी ओळखली आणि आधी, खरं सांगायचं तर, छाती फुगली. आपली शिष्या! चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि वाचायला लागल्या.

'नमस्कार. माझ्या हातून आपल्या गाडीचा आरसा मोडला. चूक सर्वस्वी माझी आहे, सगळा खर्च मी देईन.' खाली गाडीचा नंबर, पूर्ण नाव, माहेरचं आडनाव आणि कंसात सासरचंही. 'राहणार: जुन्या टपाल कचेरीमागची पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्याशेजारचं दार. बेल बिघडली आहे, दार वाजवावे. सहानंतर मी घरीच असते. एकटीच असते, त्यामुळे केव्हाही आलात तरी कुणाला त्रास नाही. सॉरी.'

बाईंनी लगेच सॉरीला फोन लावला.

"अगं, हे काय लिहिलंस? मी ऑफिसचा फोन लिही म्हटलं होतं!"

"तुम्ही फोन लिही म्हणालात, बाई," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं माझा. माझा नंबर कसा देऊ? म्हणून मग पत्ता दिला."

नंबर वाचवायला पोरीने घर देऊन टाकलं होतं. आणि ओरडायचं कुणावर? 'ऑफिसचा' एवढा एक शब्द बाईंनीच खाल्ला होता.

त्यांनी वन्संना फोन केला. "वन्सं, तो फोटो आधी काढून टाका."

"का गं? किती छान आहे! मी फक्त तीनच ग्रुपवर टाकलाय."

"अहो, त्यात बाईमाणसाचा पत्ता आहे!"

"असू दे की. अशा मुलीला कुणी बक्षीससुद्धा देईल." मग वन्सं म्हणाल्या, "काढते बाई. पण मला आमच्या चालायला जाणाऱ्या बायकांकडून आलाय. त्यांना कुठून आला, काय माहीत."

बाई रिक्षा करून त्या गल्लीत गेल्या. निळी गाडी तिथेच होती आणि चिठ्ठीही वायपरखाली तशीच उघडी होती. त्यांनी ती ओढून काढली, फाडली, पर्समध्ये कोंबली. मग दुसरी लिहिली, जशी लिहायला हवी होती तशी, घडी घातली आणि ठेवली. समोरचा किल्ल्या बनवणारा म्हणाला, "सकाळपासून लोक वाचतायत, बाई. दोघातिघांनी फोटो काढले. फार कौतुक करत होते." कागद पर्समध्ये होता आणि कागदावरचं गावभर फिरत होतं. त्याला कुठला ब्रेक लावणार?

पोलीस चौकीतही फोन करून झाला. "धमकी आली आहे का? कुणी आलंय का? नाही ना? मग आलं की कळवा." हवालदाराचा आवाज तसा सौम्य होता. त्याचाही काही दोष नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, हेच तर दुखणं होतं. सगळे चांगलंच बोलत होते.

सॉरी लॅबमधून घरी पोचली तेव्हा बाई पिवळ्या इमारतीच्या दारात उभ्या होत्या. "सामान भर. माझ्याकडे चल. उद्याचं उद्या."

"एवढं काही होणार नाही, बाई," ती म्हणाली, पण भरायला लागली होती. खोली लहानच, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता चिकटवलेला, परीक्षेसाठी. तो काढताना तिचा हात थांबला. "किती दिवसांनी मला एक दार मिळालं होतं, जे मी आतून लावू शकत होते," म्हणाली. "आणि मीच सगळ्यांना सांगितलं, की वाजवा."

बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे गं." आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून फार वेळा निघालं नव्हतं. सॉरीने मान हलवली आणि सवयीने म्हणाली, "सॉरी."

तेवढ्यात दार वाजलं.

पुन्हा वाजलं, हळू, सभ्यपणे. "कुणी आहे का घरात?" आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. सॉरीने श्वास सोडला आणि मान हलवली, हा तो नव्हे. बाईंनी दार फटीएवढं उघडलं.

बाहेर एक पांढऱ्या केसांचे काका, हातात बिस्किटांचा डबा. "मी निळ्या गाडीचा मालक," ते हसून म्हणाले. "घाबरू नका, पैसे मागायला नाही आलो. गाडीवर दुसरीच चिठ्ठी होती, नुसता नंबर आणि ऑफिसचा फोन. कोरडी. पण माझ्या मुलीने मला फोनवर ही पहिली दाखवली आणि मी म्हटलं, या पोरीला भेटायलाच हवं. असं कोण लिहितं हल्ली?"

बाईंच्या पाठीमागून सॉरी पुढे आली. तिच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला असावा, पण तो बाहेर पडला नाही.

"आणि किती व्यवस्थित लिहिलंय!" काका डबा पुढे करत म्हणाले. "मजला, जिना, बेलसुद्धा. जराही शोधावं लागलं नाही."

"काका, आभारी आहे," बाई घाईने म्हणाल्या, "पण आम्ही निघतोच आहोत."

"हो हो, बसत नाही मी. आणि तुमच्याकडे अजून पाहुणे येतायत वाटतं. खाली एक जण फोनमध्ये तोच फोटो घेऊन इमारत शोधत होता. मी म्हटलं, अहो, मीही तिकडेच चाललोय. तिसरा मजला, जिन्याशेजारचं दार." काकांनी जिन्याकडे मान वळवली. "आलेच बघा ते."

जिन्यावर पावलं वाजत होती, सावकाश, घाई नसलेली. सॉरीने एका हाताने दुसऱ्या हाताची करंगळी घट्ट धरली होती. बाईंचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला आणि तसाच दाबलेला राहिला.