काकूंचा आवाज आणि कॅमेऱ्याची घरघर

आमचे हे लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत, पण हॉलमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना झूमदादा म्हणत. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की ह्यांचं बोट झूमच्या बटणावर पडलंच म्हणून समजा. संकलन मी करायची. टेबलापाशी बसून त्या झूमांना शिव्या घालायचं कामही माझंच.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. लेक दूरदेशी, तिचे दिवस भरत आलेले. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात काकू वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "नातवंडाला माझी एक गोष्ट सांगायचीय. नंतर कोण सांगणार त्याला, आजी कशी बोलायची ते?"

त्या वेळी फोनवर असलं काही होत नसे. हे कॅमेरा घेऊन गेले आणि पडदे ओढलेल्या त्यांच्या खोलीत गोष्ट टिपून आले. मी कानाला हेडफोन लावले आणि कपाळावर हात मारला. काकूंचा आवाज आधीच कापसासारखा झालेला. त्या थांबल्या की मागून घर्र, घर्र. मध्येच लांबलचक झूं.

"अहो, हे काय आणलंय? पिठाची गिरणी?"

त्यांनी हेडफोन लावून ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं. हॉलमधल्या बँडबाजात ही घरघर कधी ऐकूच आली नव्हती. कॅमेऱ्याचा माइक त्याच्याच अंगात. शांत खोलीत तो आपोआप आवाज चढवतो, आणि आत फिरणाऱ्या मोटरचा आवाजही त्याबरोबर चढतो. अंधुक उजेडात ऑटोफोकसला चेहरा सापडेना, म्हणून भिंग सारखं पुढंमागं होत राहिलं. झूमचं पाप मात्र ह्यांच्या बोटाचं. मी घरघर कापून पाहिली, तर तिच्यासोबत काकूंचा आवाजही पातळ होऊ लागला. बाहेरचा माइक जोडायचं भोक कधीचं निकामी झालेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. काकूंना जास्त बोलायची मनाई होती, म्हणजे संधी एकच. पडदे सारले तसा खोलीत दुधाळ उजेड भरला. शिवणयंत्रावर धाग्यांची रिळं तरंगत असल्यासारखी दिसत होती. मी पंखा बंद केला. ह्यांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं काकूंच्या अगदी समोर ओढलं, आवाज माइकच्या जवळ हवा म्हणून. चेहरा चौकटीत बसेल तेवढाच झूम आधीच करून घेतला, फोकस चेहऱ्यावर जुळवला आणि ऑटोफोकस बंद केला. आवाजाची पातळीही हाताने लावून टाकली.

"काकू, आता पाठ खुर्चीला टेकूनच बसायचं. पुढं आलात तर चेहरा धूसर होईल," हे म्हणाले.

"बरं बाबा," त्या हसल्या.

गोष्ट सुरू झाली. एका फ्रॉकची गोष्ट होती, जो घालणाऱ्या मुलीबरोबर मोठा होत जातो. मला वाटलं, खोली आम्हाला उचलून कुठंतरी घेऊन चाललीय. आणि मग काकू सगळं विसरल्या. बाळ समोरच असल्यागत पुढं वाकल्या, अगदी भिंगापाशी, आणि पुटपुटल्या, "तुझ्यासाठी खिसा ठेवलाय हं त्याला."

छोट्या पडद्यावर त्यांचा चेहरा विरघळला. ह्यांचा हात फोकसच्या कड्याकडे गेला. ते कडं फिरवलं की आतली मोटर फिरते, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. मी श्वास रोखला. त्यांनी हात मागे घेतला, काखेत दाबून धरला आणि तसेच उभे राहिले. त्या क्षणी मला ह्या माणसाचा फार अभिमान वाटला.

ऑपरेशन पार पडलं. टाके निघाल्यावर काकू गळ्याला रुमाल बांधून आमच्याकडे आल्या. हे आधीच अपराध्यासारखे झाले. "काकू, शेवटी चेहरा नाही हो आला. नुसता धुरकट डाग दिसतोय."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. हा आहे की, असं डोळ्यांनीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, लाव, अशी खूण केली.

मी लावलं. खिशाचं वाक्य आलं, अगदी स्वच्छ, श्वासासकट. काकूंनी डोळे मिटले होते, आणि त्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते.