सुनेच्या स्कूटरचा टायर

नवी पेठेपासून चालत पाच मिनिटांवर माझं टायरचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. टायर वाचण्यात सोलापुरात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार? लोक पत्रिका वाचतात आणि चुकतात. मी टायर वाचतो, तो खोटं बोलत नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये एक दूधवाला स्कूटर घेऊन आला. मूळचा माळशिरसकडचा, जुनं गिऱ्हाईक. माझी सूनही तेव्हा दुकानात होती. ती अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात शिक्षिका आहे, रोज स्कूटरवर जाते-येते. सकाळची शाळा सुटली की वाटेत दुकानात टेकून पाणी पिऊन घरी जायची.

"मालक, मागचा टायर बगा की. ग्रिप हाय अजून. दोन म्हैने निगतील का?" दूधवाला म्हणाला.

मला असले प्रश्न आवडतात. मी त्याला खाली बसवलं. टायरच्या बाजूवर, ग्रिप सुरू होते तिथे, एक बारीक बाण असतो. त्या बाणाच्या रेषेत आत बघितलं की खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी दिसते. टायर झिजत झिजत त्या पट्टीच्या बरोबरीला आला की खेळ संपला. याच्या टायरची मधली पट्टी सपाट होऊन बसली होती.

"कडंला हाय म्हणून ग्रिप हाय म्हणता व्हय? गाडी मधल्या भागावर पळते," मी म्हणालो.

"मग जरा रुंद टायर टाका. रुबाब येतोय."

"रुबाब कॅनमधी भरून विका. हितं काय लिवलंय बगा. नव्वद, शंभर, दहा. रुंदी नव्वद मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे तेवढीच, आन् चाकाची रिम दहा इंची. रुंद टाकला तर आत घासंल. पुढं त्रेपन्न हाय, म्हणजे या टायरवर दोनशे सहा किलोपर्यंतच वजन. तुमचं वजन आन् कॅनचं तुमीच बगा."

मग माझं आवडतं काम. नवा टायर काढून त्याला चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. "टायर पळून झिजतो, तसा पडून म्हाताराबी होतो. त्यातून आपल्या सोलापूरचं ऊन. पाच वर्षांच्या वरचा टायर मी गिऱ्हाइकाच्या गाडीला लावत न्हाय," मी छाती पुढे काढून सांगितलं.

सून ऐकत होती. पाण्याचा ग्लास ठेवून ती बाहेर गेली आणि स्वतःच्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ वाकली. पदराच्या टोकानं धूळ पुसली.

"मामा," ती तिथूनच म्हणाली, "एकतीस, अठरा."

मी उठून बाहेर आलो. तो टायर मीच दिवाळीत बसवला होता. पोटमाळ्यावर, पत्र्याच्या खाली सहा वर्षं पडलेला. विकता येत नव्हता, टाकवत नव्हता. ग्रिप करकरीत होती, म्हटलं घरच्या गाडीला काय होतंय.

"पळालेला न्हाय गं तो फार," मी म्हणालो.

तिनं दोन खाचांच्या मधोमध नख दाबलं. रबर दगडासारखं. खाचांच्या तळाला केसासारख्या बारीक चिरा होत्या. त्या मला न वाकताच दिसल्या, आणि दिवाळीतही दिसल्या असत्या, मी बघितलं असतं तर.

"मालक, घरच्यास्नी येगळा नियम हाय वाटतं!" दूधवाला हसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला त्याचा राग आला, आणि राग कशाचा आला तेही कळलं.

सून हसली नाही. रोज चाळीस किलोमीटर ती त्या टायरवर जात होती, ट्रकांच्या बाजूनं. तिनं शांतपणे विचारलं, "मामा, ताईंच्या गाडीला मागच्या महिन्यात टायर टाकलात ना. तो कधीचा आहे?"

ताई म्हणजे माझी मुलगी. मी पटकन बोलून गेलो, "पन्नास, चोवीस. डिसेंबरचा." लेकीचा आकडा मला तोंडपाठ होता.

तसाच आत गेलो. मी फळीवरचा नवा टायर काढला, पण बसवला नाही. तिच्या हातात दिला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तिनं माप वाचलं, वजनाचा आकडा वाचला, मग चार आकडे शोधून मोठ्यानं वाचले, "एक, पंचवीस." आणि टायर माझ्याकडे परत दिला.

"हा बसवा, मामा. आणि माझाही आकडा पाठ करून ठेवा."