'सिद्ध झाले' न लिहिलेला तक्ता

माझी धाकटी जाऊ मंजुषा बोरी अरबच्या शाळेत गणित शिकवते. आज दिवेलागणीला ती बसने घरी आली आणि चपला न काढताच ओट्यावर बसून राहिली.

तिच्या आठवीतल्या प्रेरणाने तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तक्ता केला होता. चारपासून पुढची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असा. पोरीने आधी ४ = १ + ३ लिहिलं होतं. एक ही मूळ संख्या नव्हे, म्हणून मंजुषाने तिथे २ + २ करायला लावलं. ३८ = ७ + ३१, ५० = ३ + ४७, अशा पन्नासपर्यंतच्या चोवीसही संख्या जुळल्या.

हेडमास्तर म्हणाले, खाली मोठ्या अक्षरांत 'सिद्ध झाले' लिहा, नाहीतर तक्ता जाणार नाही.

"मग लिहून टाकायचं न वं," मी म्हटलं. "चोवीस वेळा देवानं दिलं, पंचविसाव्यांदा काहून नाही देणार?"

"देव देईनच ताई. बावन्न म्हणजे पाच आणि सत्तेचाळीस. लोकांनी कॉम्प्युटरवर लय पुढपर्यंत पाह्यलं, कुठीच अडलं नाही. पण संख्या काही संपत नाहीत. सगळ्यांसाठीचा पुरावा अजून कोणालेच सापडला नाही. पोरीले खोटं कायले लिहाले लावू?"

मंजुषाने तक्त्याखाली 'तपासले' एवढाच शब्द ठेवला. तक्ता गेला नाही. प्रेरणा वर्गातच रडली, आणि उद्या मंजुषाला पुन्हा तिच्यासमोर उभं राहायचं आहे.

मी देवापुढे दिवा लावला, पण मागावं काय, ते सुचेना.