औषधापुढची रिकामी जागा

नवरा जाऊन महिना झाला आणि केशरबाईची मास्तरणीच्या नोकरीची परीक्षा अमरावतीत आली. पास झाली तरच पोटाची सोय होती. अभ्यास मी घेत असे.

"बाई, मले काईच वाटून नाई राहिलं."

"नको वाटू दे. पण उतारा शेवटपर्यंत वाच, मंगच दौतीत टाक बुडव."

परीक्षेत गाळलेल्या जागा भरायचा उतारा आला; भरायचे शब्द कुठेच दिले नव्हते. 'औषधा— रोगी दगावला.' तिने 'नंतर' लिहिलं. नवऱ्याला तिने शेवटचा डोस स्वतः पाजला होता. मग माझं बोलणं आठवून तिने पुढे वाचलं: 'भरलेली बाटली तशीच उशाशी होती.' 'नंतर' खोडून तिने 'वाचून' लिहिलं.

देवाच्या दयेने ती पास झाली. पेढा देताना म्हणाली, "तो उतारा माह्या घरचा नव्हता, बाई." रडली मात्र नाही.