दोन बटव्यांची बाई

एका उशीला धुतलेला अभ्रा घातला होता, दुसरी अर्धी आत, अर्धी बाहेर. तेवढ्यात नणंदबाई चप्पल न काढताच आत आल्या. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"वहिनी, खात्यात शून्य आहे. शून्य!"

त्यांचा शिवणाचा कारखाना आहे. त्यांचे यजमान गेल्यावर एका मशीनवर सुरू केला, आता सहा मशीन आणि पाच बायका. इस्पितळाच्या दोनशे गणवेशांचं काम मिळालं होतं, त्याच्या कापडासाठी इस्पितळाकडून आलेली ऐंशी हजारांची उचल त्याच खात्यात होती. कापडवाल्याला शनिवारपर्यंत पैसे द्यायचे, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

ताईंचा एक नेम आहे, माझ्या जपापेक्षा कडक. कमरेला दोन बटवे, हिरवा घरचा, तपकिरी कारखान्याचा. कारखान्यातला चहा घरची म्हणून प्यायल्या तर हिरव्यातून नाणं काढून तपकिरीत टाकतात. बँकेतही दोन खाती. मशीनचं कर्ज कारखान्याचं, त्याचा हप्ता एक दिवसही चुकलेला नाही. सामान पोचवायची गाडीही त्याच बँकेच्या कर्जावर घेतलेली, तिला मात्र त्या 'गाडीचा संसार' म्हणतात. गाडी चार महिने गॅरेजात पडली, विम्याचे पैसे अडकले, तेव्हा ताईंनी हप्ता थांबवला. "उभ्या गाडीला कसला हप्ता? चालेल तेव्हा भरेन," असं म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं, पण माझं कोण ऐकतं!

दोघी बँकेत गेलो. कर्जाच्या साहेबांनी फाईल काढली. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"ताई, गाडीचे तीन हप्ते थकले. नोटीस पाठवली होती."

"ती गाडीच्या नंबरची होती. गाडीची म्हणून गाडीच्या कागदांच्या डब्यात ठेवली."

"उघडली नाहीत?"

"गाडी चालू झाल्यावर उघडणार होते."

मी देवाचं नाव घेतलं, मोठ्याने.

साहेबांनी मशीनच्या करारावर बोट ठेवलं. बारीक अक्षरात होतं, 'कर्जदाराने या किंवा बँकेच्या अन्य कोणत्याही कर्जात कसूर केल्यास ती या कर्जातीलही कसूर समजण्यात येईल.' म्हणजे गाडीने पाय मोडला आणि सहा मशीन लंगडी ठरली. नोटिशीत बँकेने दोन्ही कर्जं एकदम पूर्ण परत मागितली होती. पुढच्या पानावर, 'कर्जदाराच्या कोणत्याही खात्यातील शिल्लक येणे रकमेपोटी वळती करून घेण्याचा बँकेस अधिकार राहील.'

ताई तावातावाने म्हणाल्या, "वळती? मला वाटलं पैसे एका खात्यातून दुसऱ्यात वळते करायची सोय आहे! मी खूश होऊन सही केली!"

"सोयच आहे," साहेब म्हणाले, "बँकेची."

"पण ते पैसे इस्पितळाचे! कापडाचे!"

"तुमच्या खात्यात आले की तुमचे. कारखाना तुमच्या एकटीच्या मालकीचा. कारखाना आणि तुम्ही बँकेला एकच माणूस."

ताईंनी दोन्ही बटवे काढून टेबलावर आपटले. "मग हे काय वीस वर्षं मी खेळत होते?"

साहेबांनी बटवे हळूच ताईंकडे सरकवले.

मी विचारलं, "ऐंशी हजारांतून गाडीची थकबाकी फिटली का?"

"हो, दंडासकट. बेचाळीस तिकडे गेले. उरलेले मशीनच्या कर्जात."

"मग कसूर उरली कुठे?"

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. अर्ज द्या, म्हणाले. थकबाकी भरून निघाली, पूर्ण कर्जाची मागणी मागे घ्या, मशीनचे हप्ते पूर्ववत करा, अडतीस हजार परत द्या, असं लिहा. वरचं कार्यालय ठरवेल, पंधरा दिवस तरी लागतील. हमी काही नाही. आणि तोवर खात्यात नवी रक्कम आली तर तीही वळती होऊ शकते.

"पंधरा दिवस! शनिवार काय थांबणार आहे?" ताई ओरडल्या. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

अर्ज मी तिथेच लिहिला, पोचेचा शिक्का घेतला. बाहेर पायरीवर ताई बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू तरी तो कागद वाचायला हवा होतास."

"मला दाखवला होता का?"

"नाही. तो कारखान्याचा होता."

इतका राग आला की हसूच फुटलं. रागातच सुचलं ते बोलले, "ताई, पैसा खात्यात आला की जाणार. मग पैसा मागूच नका. कापड इस्पितळानेच थेट घ्यावं, आपण फक्त शिलाई करायची."

"आणि गेलेली उचल?"

"ती शिलाईच्या बिलातून कापा म्हणायचं. सगळं खरं सांगायचं."

"मला लाज वाटेल."

"वाटू दे."

ताईंनी दोन्ही बटवे कमरेला खोचले आणि त्या उठल्या.

उद्या दहा वाजता ताईंना इस्पितळाच्या भांडारप्रमुखांना भेटायचं आहे, कापडाचा नमुना आणि कापडवाल्याचं दरपत्रक घेऊन.