खिळ्यावर टांगलेली कार्डं

आमच्या सहकारी साखर कारखान्यात शेतकी खात्याच्या दाराला कार्डाचं कुलूप बसलं, तेव्हा संचालकांनी नारळ फोडला. कारखाना उभा राहिला तेव्हाही नारळ फोडला होता, पण त्या वेळी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं हजर होती. माझे वडील त्यांतलेच. शेअर घेतल्याची पावती त्यांनी देवघरात ठेवली होती. कुलपाच्या कार्यक्रमाला फक्त संचालक, पेढे आणि मी.

मी टाइम ऑफिसचा प्रमुख. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोण आलंच नाही पण हजेरी लागली, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे कार्डाचं यंत्रही माझ्या गळ्यात पडलं. यंत्र साधं होतं. दाराबाहेर एक डबी. तिच्यासमोर कार्ड धरलं की कार्डाचा नंबर आणि वेळ आत साठते आणि दार उघडतं, मग कार्ड कुठल्याही खात्याचं असो. बाहेर पडताना नुसतं बटण दाबायचं, त्याची कुठे नोंद नाही. म्हणजे आत कोणतं कार्ड गेलं ते कळे, बाहेर कोण आलं ते देवाला ठाऊक.

कुलूप लावायचं कारण मोठं होतं. शेतकी खात्यात तोडणीचा कार्यक्रम तयार होतो, म्हणजे कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा मागे राहणार. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता आणि विहिरींनी तळ दाखवला होता. ऊस उभ्या उभ्या वाळत होता. अशा वर्षी तोडीची पाळी आठ दिवस अलीकडे आली तर माणूस तरतो. म्हणून कार्यक्रम जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवायचा, असं ठरलं होतं. आमच्याकडे गुप्त ठेवायचं म्हणजे चहाच्या टपरीवर हळू आवाजात बोलायचं.

त्यात कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या एमडी साहेबांनी, परिपत्रक काढलं: कार्ड हरवलं तर भरपाई पगारातून कापली जाईल. झालं! कर्मचाऱ्यांनी कार्डं खिशात ठेवणंच सोडलं. ऑफिसच्या पोर्चमध्ये सुताराकडून फळी ठोकून घेतली, खिळे मारले, प्रत्येक खिळ्याखाली रंगानं नाव लिहिलं. संध्याकाळी घरी जाताना कार्ड खिळ्याला, सकाळी येताना गळ्यात. चेअरमन साहेबांसाठी सगळ्यांत वर पितळी हुक. फळीसमोर पहारेकरी बसायचा, पण गळीत हंगामात वजनकाट्यावर भांडण झालं की तोच पहिला धावायचा. कॅमेरेही काट्याकडेच तोंड करून होते. एवढं भारी कुलूप, आणि त्याच्या किल्ल्या दारापासून दहा पावलांवर, नावानिशी. मी एकदा एमडी साहेबांना म्हणालो, तर ते म्हणाले, "अहो, शिस्त दिसते त्यातून."

आणि हंगामाच्या सुरुवातीलाच कार्यक्रम फुटला. जाहीर व्हायच्या आधी उमरग्याकडचे दोन सभासद एमडी साहेबांच्या केबिनमध्ये येऊन आपली पाळी तोंडपाठ म्हणून दाखवायला लागले. साहेबांनी मला बोलावलं. मी यंत्रातून नोंदी काढल्या. ऑफिस बंद झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी शेतकी खात्याचं दार उघडलेलं दिसत होतं. कार्ड होतं संगणक ऑपरेटर बाईंचं.

या बाई तामलवाडीच्या. तीन हंगाम हंगामी म्हणून राबलेल्या, आणि त्याच महिन्यात त्यांना कायम करायचा विषय संचालक मंडळापुढे होता. त्यांचे आजोबा छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेल्यांपैकी, वडील शाळामास्तर. बाईंचं काम असं की त्यांनी दिलेला कागद पुन्हा तपासायची गरज पडत नसे. एमडी साहेबांनी नाव ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे सापडलं," म्हणाले. "उद्या अहवाल द्या. अमुक कर्मचारी विनापरवाना आत गेली, असं स्वच्छ लिहा." आमच्याकडे जातीच्या गोष्टी तोंडानं बोलायची गरज पडत नाही, मान डोलावली की भागतं.

मी आधी यंत्राचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. कार्डाचा नंबर आणि नाव ताडून पाहिलं. तेही बरोबर. मग बाईंना बोलावून विचारलं.

"सर, रविवारी संध्याकाळी आमच्या गावात टँकर आला हुता," बाई म्हणाल्या. "म्या दोन घागरी अन् एक बॅरल घेऊन लायनीत हुते. आख्खी गल्ली हुती तिथं. कार्ड तर शनिवारीच खिळ्याला लावून गेले, तुमच्यासमूर." मग म्हणाल्या, "पण टँकरच्या लायनीतल्या बायांची साक्ष कोण घेतंय, सर?"

मी अहवाल लिहिला, अगदी थोडक्यात: "सदर कर्मचाऱ्याच्या नावे दिलेलं कार्ड कार्यालय बंद झाल्यानंतर शेतकी खात्याच्या दारावर वापरलं गेलं. दार उघडलं. कार्ड कुणाच्या हातात होतं आणि आत कोण गेलं, हे यंत्रावरून कळत नाही. कार्डं रात्री पोर्चमध्ये खिळ्यांना टांगलेली असतात."

चौकशीसाठी बसलेल्या समितीत चेअरमन, एमडी आणि मी. चेअरमन साहेबांनी अहवाल वाचला आणि हसून हसून त्यांची टोपी सरकली. "कार्ड वापरलं गेलं! अहो, कार्डाला काय पाय फुटले का? नंदीबैल हाये का ते, गुबुगुबु करत दाराम्होरं जायाला?" एमडी साहेबही हसले. त्यांना हसायला चेअरमन साहेबांनी आधी हसावं लागे. मी म्हणालो, "साहेब, यंत्राला जेवढं दिसतं तेवढंच मी लिहिलंय." एमडी साहेब म्हणाले, "यंत्राला कमी दिसत असेल तर जास्त काढा. कुलूप बसल्यापासूनच्या सगळ्या नोंदी आणा. बाईचं एकदा नाही, दहा वेळा निघेल."

हुकूम म्हणजे हुकूम. त्या दारावरच्या, ऑफिस सुटल्यानंतरच्या सगळ्या नोंदी मी काढल्या. वाचायला लागलो आणि मला कळेना, हसावं की कपाळ बडवावं. बाईंचं कार्ड एकदाच. बाकी नोंदी निरनिराळ्या कार्डांवर. भांडारवाल्यांचं, रजेवर असलेल्या कारकुनाचं, एकदा माझंही. मी त्या संध्याकाळी मेव्हण्याच्या लग्नात उमरग्यात आहेर मोजत बसलो होतो. जो कोणी आत जात होता, तो फळीवरून हाताला लागेल ते कार्ड उचलत होता, आणि काम झालं की मुकाट परत लावत होता. आणि एका संध्याकाळी त्याच्या हाताला वरचा पितळी हुक लागला होता.

दुसऱ्या बैठकीत मी सुरुवात माझ्यापासून केली. "माझं कार्ड अमुक दिवशी वापरलं गेलं." चेअरमन साहेब पुन्हा हसले. मग मी पुढची ओळ वाचली. "चेअरमन साहेबांच्या नावे दिलेलं कार्ड नवरात्रातल्या येरमाळ्याच्या यात्रेच्या दिवशी संध्याकाळी वापरलं गेलं."

हसू थांबलं. चेअरमन साहेबांचा चेहरा लाल झाला. "म्या? त्या दिशी म्या स्टेजवर हुतो, देवीच्या दारात! कुस्त्यांचं बक्षीस वाटत हुतो. आख्ख्या तालुक्यानं बगितलंय!"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "म्हणूनच तसं लिहिलंय. तुम्ही आत गेलात असं कुठंच म्हटलेलं न्हाय."

एमडी साहेब पाणी प्यायले. घोटभर पाण्यात माणसाची भाषा किती बदलते, ते मी त्या दिवशी पाहिलं. "कार्ड वापरलं गेलं," ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "हेच योग्य आहे. यंत्रात माणूस कुठे दिसतो? कार्ड दिसतं. उगाच कुणावर ठपका नको." चेअरमन साहेब म्हणाले, "बराबर. पुरावा काय? कुणीबी घेतलं असंल ते. खिळ्याला तर असतंय!" ज्या वाक्यावर दोघांनी आठवडाभर टपरीपर्यंत हशा पिकवला, तेच वाक्य त्यांनी माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलं. मला चांगलाच राग आला, आणि तो आजही आहे.

"मग बाईंचं?" मी विचारलं.

स्टेजवरचा माणूस निर्दोष आणि टँकरच्या रांगेतली बाई दोषी, असं म्हणायचं धाडस दोघांनाही होईना, कारण नोंद दोघांची अगदी एकसारखी. शेवटी एमडी साहेब म्हणाले, "त्यांनाही संशयाचा फायदा द्या. पण एक ताकीद हवी. कार्ड निष्काळजीपणे ठेवलं म्हणून. पुढं ऑडिट येईल, कुणावर तरी काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे." आणि कायम होण्याआधी सेवापुस्तकात ताकीद चढली की मंडळ तो विषय पुढे ढकलतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मी त्याच दुपारी ताकिदीची तीन पत्रं टाइप केली. मजकूर शब्दशः एकच, नावं तीन, बैठकीत निघाली तेवढीच. चेअरमन, बाई आणि मी. तिन्ही एमडी साहेबांपुढे सहीला ठेवली. साहेबांनी वरचं उचललं.

"चेअरमन साहेबांना ताकीद? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तीच फळी, तसाच खिळा, तीच चूक साहेब. त्यांचा फक्त पितळी होता."

"हे जाणार नाही."

"मग बाईंचं कसं जाईल? त्या विचारतील, तशाच नोंदीवर दुसऱ्यांना दिली का. त्यांनी लिहून विचारलं तर उत्तरावर तुमची सही लागेल."

साहेबांनी चेअरमन साहेबांचं पत्र फाडलं. थोड्या वेळानं बाईंचंही फाडलं. तिसरं समोर ओढलं, मी टाइप केलेल्या "आपलं कार्ड वापरलं गेलं" यावर काट मारली, वर पेनानं लिहिलं, "आपण विनापरवाना प्रवेश केलात", आणि झोकात सही केली.

"उमरग्याचं लग्न अख्ख्या वऱ्हाडानं पाहिलंय साहेब," मी म्हणालो.

"वऱ्हाडाची साक्ष कोण घेतं?" ते म्हणाले.

त्या आठवड्यात फळी पोर्चमधून निघाली, आणि भरपाईचं परिपत्रक कुणी न सांगता मागे घेतलं गेलं. दारातून कोण जात होतं ते कधीच कळलं नाही. माझा अंदाज आहे, पण अंदाज हा अंदाजच असतो, तो मी लिहीत नाही. बाई मंडळाच्या बैठकीत कायम झाल्या. आदेश घ्यायला टाइम ऑफिसात आल्या तेव्हा माझं ताकिदीचं पत्र टेबलावरच होतं. त्यांनी ते पेनानं खोडलेल्या ओळीसकट वाचलं.

"सर, तुमी तर आत गेलाच न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच पत्र मिळाल्याची सही केली.